चालणारा पुढे, होडी मागे

तलावाची फेरी संपत आलेली असते. होडीचं नाक धक्क्याच्या दगडाला टेकतं, नावाडी वल्ही आत घेतो आणि मागच्या फळीवर बसलेला प्रवासी उठतो. पाण्यावर तरंगसुद्धा नाही, धक्का समोर आहे, आता चार पावलं टाकली की झालं, असा त्याचा हिशेब. तो चालत होडीच्या पुढच्या टोकाशी येतो आणि पाय उचलणार, तेवढ्यात त्याच्या लक्षात येतं की मघाशी टेकलेला धक्का आता हातभर नव्हे, चांगला मीटरभर लांब गेलाय. मागून नावाडी ओरडतो, ‘‘अवो, बसून ऱ्हावा की! दोर बांधू द्या आधी.’’

होडी कोणी ढकलली नाही, वारा सुटलेला नाही, प्रवाह तर तलावाला नसतोच. होडी मागे नेली ती त्या चालणाऱ्या माणसाच्या पावलांनी. ती किती मागे जाणार, हेही कागदावर आधी मांडता येतं.

समजा, होडी चार मीटर लांब आणि १२० किलो वजनाची आहे. तिचा भार दोन्ही बाजूंना सारखा वाटलेला असल्याने तिचा मध्य टोकापासून दोन मीटरवर. प्रवासी ६० किलोचा. सोपं जावं म्हणून नावाडी धक्क्यावर उतरलाय असं धरू, म्हणजे होडीत एकटा प्रवासीच. तो मागच्या टोकापासून अर्ध्या मीटरवर उभा आहे, म्हणजे धक्क्यापासून साडेतीन मीटरवर. होडीचा मध्य धक्क्यापासून दोन मीटरवर. आता या दोघांचा मिळून एक समतोलबिंदू काढायचा. कावडीत एका बाजूला जास्त ओझं असलं, तर खांदा त्या बाजूला सरकवून घ्यावा लागतो, तसाच हा बिंदू जास्त वजनाच्या बाजूला झुकतो. होडी माणसाच्या दुप्पट जड, म्हणून तो बिंदू होडीच्या मध्यापासून अर्धा मीटर आणि माणसापासून एक मीटर, म्हणजे धक्क्यापासून अडीच मीटरवर पडतो. भौतिकशास्त्रात याला वस्तुमानकेंद्र म्हणतात.

माणूस होडीवरून तीन मीटर चालून पुढच्या टोकापासून अर्ध्या मीटरवर येऊन थांबतो. होडी जागची हललीच नसती, तर वस्तुमानकेंद्र धक्क्यापासून दीड मीटरवर आलं असतं, म्हणजे एक मीटर पुढे सरकलं असतं. पण ते सरकायला बाहेरून कोणीतरी ओढायला किंवा ढकलायला हवं, आणि इथे तसं कोणीच नाही. म्हणून सगळी होडीच, माणसासकट, बरोबर एक मीटर मागे जाते. माणूस होडीत तीन मीटर चालला, पण धक्क्याच्या दिशेने खरा पुढे आला तो दोनच मीटर. उरलेला एक मीटर होडीने मागे जाऊन वळता केला. वस्तुमानकेंद्र होतं तिथेच, अडीच मीटरवर.

सूत्र म्हणून पाहिलं तर ते तोंडपाठ व्हावं इतकं लहान आहे. माणसाच्या वजनाला चाललेल्या अंतराने गुणायचं आणि माणूस अधिक होडी अशा एकूण वजनाने भागायचं. ६० गुणिले ३ म्हणजे १८०, भागिले १८०, उत्तर एक मीटर. त्याच होडीत ३० किलोची शाळकरी मुलगी तितकंच चालली, तर ९० भागिले १५०, म्हणजे होडी ६० सेंटिमीटर हटेल. वीस टनांच्या लाँचवर ६० किलोचा माणूस दहा मीटर चालला, तर तीन सेंटिमीटर, आणि ते कोणाला जाणवतही नाही. आयएनएस विक्रांत ही विमानवाहू नौका २६२ मीटर लांब आणि चाळीस हजार टनांहून जड आहे. ७० किलोचा नौसैनिक तिच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला, तर हिशेबाने तीही मागे सरकायला हवी, पण अर्ध्या मिलिमीटरहून कमी.

आणखी एक गंमत या सूत्रात दडलेली आहे. त्यात वेळ कुठेच नाही. माणूस तरातरा चालला काय आणि रमतगमत चालला काय, होडी तेवढीच हटणार. घाईत गेलं म्हणून ती जास्त पळेल आणि अलगद पावलं टाकली की तिला कळणार नाही, असं अनेकांना वाटतं. म्हणून लोक होडीत मांजराच्या पावलांनी चालतात. त्याने होडी डुचमळायची कमी होते हे खरं, पण मागे जायची थांबत नाही.

हे घडतं कसं, ते पायाच्या तळव्याशी जाऊन पाहावं. चालायला सुरुवात करताना पाय फळीला मागे रेटतो, आणि फळी पायाला तितक्याच जोराने पुढे रेटते. त्या रेट्याने माणूस पुढे निघतो, होडी मागे. माणूस होडीच्या मानाने सेकंदाला एक मीटर चालत असेल, तर धक्क्यावरून पाहणाऱ्याला तो सेकंदाला सुमारे ६७ सेंटिमीटर पुढे जाताना दिसेल आणि होडी सुमारे ३३ सेंटिमीटर मागे. वजन आणि वेग यांच्या गुणाकाराला संवेग म्हणतात. माणसाचा संवेग चाळीस, होडीचाही चाळीस, फक्त दिशा उलट, म्हणून बेरीज शून्य. एका लयीत चालत असताना सरासरीने रेटारेटी उरत नाही, दोघं आपापल्या वेगाने जात राहतात. मग थांबायची वेळ येते. थांबताना पाय फळीला पुढे रेटतो, फळी माणसाला मागे धरते, आणि ज्या क्षणी माणूस होडीवर स्थिर होतो त्याच क्षणी होडीही थांबते. माणूस थांबला आणि होडी मात्र मागे जातच राहिली, असं निदान कागदावर तरी होत नाही.

न्यूटनने १६८७ साली ‘प्रिन्सिपिया’त गतीचे तीन नियम मांडले आणि त्यांच्या पाठोपाठ काही उपसिद्धान्त दिले. त्यातला चौथा नेमका हाच आहे. अनेक वस्तू एकमेकींना कितीही ओढोत वा ढकलोत, त्यांच्या सामाईक केंद्राची अवस्था त्याने बदलत नाही. ते स्थिर असेल तर स्थिर राहतं, सरळ रेषेत जात असेल तर त्याच वेगाने जात राहतं. बदल घडवायला बाहेरचा हात लागतो. होडीपुरतं बोलायचं तर बाहेरचा हात म्हणजे धक्क्याला बांधलेला दोर, तळाला रोवलेला बांबू, वारा, किंवा खुद्द पाणी. नावाडी आधी दोर बांधायला सांगतो त्याचं कारण हेच. दोर ताणला गेला की धक्काच होडीला धरतो, आणि मग वस्तुमानकेंद्र खुशाल पुढे सरकतं.

आता कोणी विचारील, की हाच माणूस उभ्या हातगाडीवर किंवा ट्रकच्या हौद्यात चालला तर गाडी मागे का जात नाही? तिथेही फळी तीच आणि पायही तेच. फरक जमिनीचा आहे. दोन कोरडे पृष्ठभाग एकमेकांवर टेकलेले असले की घर्षण आधी काही काळ वस्तूला हलूच देत नाही. रेटा एका ठरावीक मर्यादेच्या आत असेल, तर जमीन तेवढ्याच जोराने उलटा रेटा देते आणि गाडी ढिम्म राहते. पाण्याजवळ असली अडवणूक नाही. पाणी अडवतं ते फक्त हलत्या वस्तूला. स्थिर होडीवर बोटभर जोर लावला तरी ती हलते, भले अतिशय सावकाश. शेकडो टनांचा पडाव एकटा माणूस धक्क्यावर पाठ टेकून पायांनी लोटत राहिला, तर थोड्या वेळाने पाण्याची फट दिसू लागते. तोच पडाव वाळूवर चढवून ठेवला, तर दहा माणसांनाही हलत नाही.

म्हणजे पाणी होडीला सुरुवातीला सूट देतं. पण ती हलू लागली की वसुली सुरू होते, आणि वर मांडलेला नीटनेटका हिशेब इथून जरा वाकडा होतो.

होडी मागे जात असताना पाणी तिला पुढच्या दिशेने, म्हणजे माणूस जातोय त्या दिशेने, अडवतं. चार मीटरच्या होडीला सेकंदाला ३३ सेंटिमीटर वेगाने हा अडथळा फार नसतो. दीडशे-दोनशे ग्रॅम वजन हातात धरल्यावर जेवढं जाणवतं, साधारण तेवढा. पण तो तीन सेकंद लागून राहतो. पाणी बाहेरचं आहे, त्यामुळे त्याने दिलेला हा रेटा माणूस अधिक होडी या जोडीच्या खात्यात जमा होतो. परिणामी माणूस थांबतो तेव्हा जोडीचा संवेग शून्य नसतो, थोडासा शिल्लक असतो, आणि तो माणसाच्या चालण्याच्या दिशेने असतो. मग माणूस पुतळ्यासारखा उभा असतानाही होडी त्याला घेऊन अगदी हळू, सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटरच्या चालीने, धक्क्याकडे परत निघते.

किती परत येते? समजा, पाण्याचा अडथळा होडीच्या वेगाच्या सरळ प्रमाणात आहे. वेग दुप्पट तर अडथळा दुप्पट. मग पाण्याने एकंदर दिलेला रेटा होडीने एकंदर कापलेल्या अंतराच्या प्रमाणात पडतो, आणि मागे जाताना दिलेला रेटा अधिक, पुढे येताना दिलेला उणे असा तो धरावा लागतो. सुरुवातीला सगळं स्थिर होतं. खूप वेळाने शेवटीही सगळं स्थिर होणार आहे. म्हणजे एकंदर संवेगात बदल शून्य, म्हणून पाण्याचा एकंदर रेटा शून्य, आणि म्हणून होडीने एकंदर कापलेलं अंतरही शून्य. होडी थेट मूळ जागी परत येते! अडथळा कितीही क्षीण असला तरी निकाल बदलत नाही, फक्त परतायला जास्त वेळ लागतो. आणि ज्या वस्तुमानकेंद्राचं स्थैर्य आपण एवढं ठासून मांडलं, ते अखेरीस एक मीटर पुढे सरकलेलं असतं.

ऐकायला हे उलटं वाटतं. पाणी होडीला अडवतं, मग ते तिला परत कसं आणून सोडेल? पण पाण्याने अडवलं नसतं, तर होडी मागे गेली तिथेच थांबली असती. तिला पुढे येण्यासाठी जो संवेग मिळाला, तो या अडवण्यातूनच. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे कोडं घातलं, की बहुतेक जण अडथळा वाढला तर होडी कमी मागे जाईल एवढंच सांगून थांबतात.

खऱ्या तलावात अडथळा वेगाच्या इतक्या सरळ प्रमाणात नसतो. होडी जरा वेगात असली की तो वेगाच्या वर्गाच्या जवळपास वाढतो. त्यामुळे जाताना पाणी जास्त वसूल करतं आणि हळूहळू परतताना कमी घेतं. निखळ शांत पाण्यात होडी मूळ जागाही ओलांडून पुढे जाऊ शकेल. हे पाहायला मिळत नाही, कारण सेकंदाला दोन सेंटिमीटरने सरकणाऱ्या होडीला वाऱ्याची झुळूकही पुरते. गालाला जेमतेम कळणारी झुळूक, होडी आणि उभा माणूस यांच्यावर मिळून, या संथ परतीच्या वेळी पाणी लावतं त्याहून कितीतरी जास्त जोर लावते. म्हणून तलावावर दिसतं ते असं. माणूस चालतो तेवढे तीन-चार सेकंद वस्तुमानकेंद्राचा हिशेब छान जुळतो, पुढच्या मिनिटात पाण्याची सावकाश वसुली दिसू लागते, आणि त्यानंतरचं सगळं वाऱ्याच्या मर्जीवर.

पहिल्या तीन-चार सेकंदांच्या भरवशावर एक उपयोगाचं काम मात्र साधता येतं. तराजूत न मावणारी होडी जोखता येते.

त्यासाठी पहाट निवडावी, वारा पडलेला असताना. होडी धक्क्याला समांतर, त्याला न टेकता मोकळी ठेवावी, दोर सैल नव्हे, सोडलेलाच हवा. होडीच्या काठावर खडूची एक खूण, तिच्या समोर धक्क्यावर दुसरी. आपलं वजन ठाऊक असलेला माणूस एका टोकापासून मोजलेलं अंतर सरळ रेषेत चालत जातो आणि थांबतो. थांबताक्षणी धक्क्यावरच्या दुसऱ्या माणसाने होडीची खूण कुठे आली ते नोंदवायचं. उशीर केला की परतीचा प्रवास सुरू झालेला असतो आणि होडी आहे त्यापेक्षा जड भासते. समजा, ६० किलोचा माणूस तीन मीटर चालला आणि खूण ९० सेंटिमीटर हटली. म्हणजे होडी ९० सेंटिमीटर मागे आणि माणूस धक्क्याच्या मानाने दोन मीटर दहा सेंटिमीटर पुढे. २१० ला ९० ने भागलं की होडी माणसाच्या किती पट जड ते कळतं. २.३३ पट, म्हणजे १४० किलो.

पण हा आकडा थोडा फुगलेला निघतो. होडी मागे सरकते तेव्हा तिच्या पुढच्या-मागच्या टोकांशी असलेलं थोडं पाणीही तिला हलवावं लागतं. ते पाणी होडीत नाही, तरी तिच्या गतीत सामील आहे. लांबट, निमुळत्या होडीत हा वाढीव भार वजनाच्या काही टक्क्यांत असतो, रुंद, चपट्या होडीत जास्त. मिळालेल्या १४० मधून पाच-दहा किलो याच खात्यातले असू शकतात.

उतारूंची गोष्ट इथे संपते. पण होडीतल्या माणसाने पुढे-मागे होणं हे ज्यांच्या रोजच्या कष्टाचा भाग आहे, अशी माणसं म्हणजे शर्यतीचे वल्हेकरी. नाशिक जिल्ह्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकेत उतरला आणि तेरावा आला. ती नौका किमान १४ किलोची असावी लागते. वल्हेकरी साधारण ९० किलोचा. म्हणजे इथे प्रमाण उलटं आहे. होडी माणसाला नव्हे, माणूस होडीला खेळवतो.

शर्यतीच्या नौकेत बसायची फळी रुळांवर पुढे-मागे सरकते, पावलं मात्र एका जागी पट्ट्यांनी जखडलेली असतात. वल्हेकरी नौकेच्या मागच्या टोकाकडे तोंड करून बसतो. वल्हं पाण्यात रोवून तो पाय ताठ करतो, तेव्हा त्याचं शरीर पुढच्या टोकाकडे सरकतं. मग वल्हं पाण्याबाहेर काढून तो गुडघे दुमडत मागच्या टोकाकडे येतो, पुढच्या झटक्यासाठी. फळीचा हा प्रवास साधारण ६० सेंटिमीटर. आपलंच सूत्र लावून पाहा. ९० गुणिले ६० भागिले १०४, म्हणजे जवळपास ५२ सेंटिमीटर. वल्हेकरी गुडघे दुमडतो तेव्हा नौका त्याच्या खालून, जोडीच्या सरासरी चालीवर आणखी, अर्धा मीटर पुढे निसटते. म्हणून बाहेरून पाहणाऱ्याला चकवणारी गोष्ट घडते. नौकेचा वेग सगळ्यात जास्त असतो तो वल्ही पाण्यात असताना नव्हे, तर ती हवेत असताना. आणि वल्ही पाण्यात पडतात तेव्हा तोच वेग तळाला गेलेला असतो.

हा चढउतार फुकट पडत नाही. पाण्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि त्याला तोंड द्यायला लागणारी शक्ती घनाने. नौका सेकंदाला सतत पाच मीटरने गेली, तर पाचाचा घन १२५. तीच नौका अर्धा वेळ चारने आणि अर्धा वेळ सहाने गेली, तर सरासरी वेग पाचच, पण घनांची सरासरी ६४ आणि २१६ यांची, म्हणजे १४०. अंतर तेवढंच आणि वेळही तेवढाच, तरी वल्हेकऱ्याचा दम जास्त जातो. प्रत्यक्षातला चढउतार या उदाहरणाइतका सरळ नसतो, पण जिथे निकाल सेकंदाच्या अंशांवर लागतो तिथे थोडी टक्केवारीही जड जाते.

यावर तोड म्हणून माणसाला स्थिर बसवून बाकीचं सरकवायची कल्पना निघाली. फळी पक्की, आणि पावलांची पाटी व वल्ही अडकवायचा सांगाडा एकत्र रुळांवर. आता ९० किलोच्या माणसाऐवजी काही किलोंचा सांगाडा पुढे-मागे होतो, म्हणून नौका दचके न खाता जाते. पश्चिम जर्मनीचा पीटर-मिखाएल कोल्बे १९८१ मध्ये अशाच नौकेवर एकेरीचा जगज्जेता झाला. पुढच्या दोनच वर्षांत अव्वल एकेरी वल्हेकरी या रचनेकडे वळले. ही महागडी रचना सगळ्यांना परवडणार नाही, असा आक्षेप आला, आणि १९८३ मध्ये आंतरराष्ट्रीय वल्हवण्याच्या महासंघाने तिच्यावर बंदी घातली. तेव्हापासून ऑलिंपिकच्या नौकांमध्ये सांगाडा पक्का असतो, आणि फळीबरोबर वल्हेकरी पुढे-मागे होतो.